पाणीगळती मोजायची कशी: पंपाच्या नोंदवहीवरून की संपात पट्टी लावून?

केंद्र सरकारच्या 2008 च्या सेवा मानकांत बिगर-महसुली पाण्याची, म्हणजे पुरवले पण बिल न झालेल्या पाण्याची, मर्यादा 20 टक्के आहे. छोट्या नगरपरिषदेत फ्लोमीटर नसेल किंवा बंद पडलेला असेल, तर लेखापरीक्षणासाठी हा आकडा काढायचे दोन मार्ग उरतात.

पहिला नोंदवहीचा. पंपाची क्षमता ताशी 250 घनमीटर, तो 16 तास चालला, म्हणजे 4,000 घनमीटर. बिल झाले 2,800 चे. तूट 30 टक्के. अर्ध्या दिवसात काम होते, खर्च शून्य. पण 250 हा आकडा नव्या पंपाच्या पाटीवरचा आहे. पंपाचे आतले फिरते चक्र, म्हणजे इम्पेलर, झिजला की पंप तेवढे पाणी देत नाही.

दुसरा मार्ग प्रत्यक्ष मोजणीचा. जलशुद्धीकरण केंद्रातला शुद्ध पाण्याचा संप, म्हणजे पंप जिथून पाणी उचलतो ती साठवण टाकी, 12 बाय 15 मीटर, म्हणजे 180 चौरस मीटर. पंप दहा मिनिटे स्थिर चालू द्या, संपात येणारे पाणी बंद करा आणि पट्टीवर पातळी बघा. 40 मिनिटांत ती 78 सेंटिमीटर उतरली तर 140 घनमीटर गेले, म्हणजे ताशी 210. दिवसाचे 3,360 आणि तूट जेमतेम 17 टक्के. बिलाचा आकडा तोच, पण शहर मानकात बसले!

त्याच वेळी उंच टाकीचा आउटलेट व्हॉल्व्ह बंद करून तिथली चढही मोजा. 16 मीटर व्यासाच्या टाकीत 66 सेंटिमीटर चढ म्हणजे सुमारे 133 घनमीटर. राहिलेले 7, म्हणजे 5 टक्के, मधल्या दाबनलिकेत गळते आहे. नोंदवहीतून हे कधीच कळत नाही. मात्र आधी पंप बंद ठेवून अर्धा तास दोन्हीकडची पातळी तपासा. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नसेल तर सगळी मोजणी फसते.

रात्री दोन ते चारचा किमान प्रवाह मोजायची पद्धत आपल्याकडे सहसा चालत नाही. तासभर पाणी येणाऱ्या गावात रात्री नळ कोरडेच असतात.

दोन्ही मार्गांचे खरे दुखणे विक्रीच्या बाजूला आहे. मीटर नसलेल्या जोडणीला सरसकट रोज 675 लिटर, म्हणजे पाच माणसे गुणिले माणशी 135, धरले तर तूट हवी तशी दाखवता येते. अशा जोडण्या निम्म्याहून जास्त असतील तर आधी नमुन्यादाखल पन्नासेक घरांना मीटर बसवा. तोवर टक्केवारी लिहा, पण विश्वासार्हतेची श्रेणी सर्वांत खालची, म्हणजे ‘ड’च द्या.

त्याच मानकांतली व्याप्ती, म्हणजे किती कुटुंबांना थेट नळजोडणी आहे हे, मोजताना मात्र नोंदवही पुरते, फक्त जोडण्या नव्हे तर कुटुंबे मोजा. बारा फ्लॅटच्या इमारतीला एकच जोडणी असते आणि सार्वजनिक नळ यात धरायचा नसतो. तक्रारींचे मानक 24 तासांत 80 टक्के निवारणाचे आहे. तिथे नोंदवहीवर भरवसा नको, कारण फिटर निघाला की तक्रार ‘निकाली’ होते. वीसेक तक्रारदारांना फोन करून पाणी नेमके कधी आले ते विचारा.

निर्णय जलवाहिनी बदलण्याचा असेल तर संपाची मोजणी केल्याशिवाय निविदा काढू नये. वरच्या उदाहरणात 30 टक्क्यांवर विसंबून वितरणाचे नळ बदलले असते, आणि झिजलेला पंप व गळकी दाबनलिका तशीच राहिली असती.