गिटहब अ‍ॅक्शन्सवर रोज रात्री बाजारभाव : काही महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या मामेभावाची सदाशिव पेठेत मेस आहे. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात कांदा, बटाटा, टोमॅटोचे भाव रोज काय होते याची सलग नोंद त्याला हवी होती. व्यापारी तोंडी सांगतो त्या भावाशी ताडून बघायला. भाव एका वेबसाइटवर रोज येतात, पण मागचे दिवस तिथे सहज सापडत नाहीत. म्हणून पायथनची साठेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली आणि गिटहब अ‍ॅक्शन्सच्या वेळापत्रकावर टाकली. ती रोज रात्री चालते, पानावरचा तक्ता वाचते आणि सीएसव्ही फाइल तयार करते. ती फाइल 'आर्टिफॅक्ट' म्हणून त्या रनच्या पानावर ठेवली जाते आणि तिथून उतरवून घेता येते. घरी कुठलाही कॉम्प्युटर चालू ठेवावा लागत नाही, वीज गेली तरी काम अडत नाही.

मांडणीचा वरचा भाग एवढाच:

```yaml
on:
  schedule:
    - cron: '47 15 * * *'
  workflow_dispatch:
permissions:
  contents: write
```

पहिला गुंता वेळेचा. वेगळं काही सांगितलं नाही तर क्रॉनची वेळ यूटीसीमध्ये धरली जाते, आणि आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे 15:47 लिहिलं की आपल्याकडे रात्रीचे 9:17. इथवर सोपं आहे. पण काम पहाटे दोनला लावायचं असेल, तर यूटीसीत अजून आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेआठच वाजलेले असतात. 'फक्त सोमवारी पहाटे' हवं असेल तर क्रॉनमध्ये रविवार लिहावा लागतो. शिवाय स्क्रिप्ट ज्या मशीनवर चालते तिचं घड्याळही यूटीसीचं. त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाचच्या दरम्यान `date` विचारली तर कालची तारीख मिळते आणि फाइलच्या नावात तीच बसते. पायरीच्या `env` मध्ये `TZ: Asia/Kolkata` दिलं की स्क्रिप्टपुरतं घड्याळ सुधारतं; क्रॉनवर त्याचा काही परिणाम होत नाही. रात्री सव्वानऊची वेळ घेतली याचं कारण हेच. त्या वेळी दोन्हीकडे तारीख एकच असते आणि दिवसाचे भावही येऊन गेलेले असतात.

15:47 असा आडनिडा आकडा मुद्दाम आहे. वेळापत्रकाची कामं गर्दीत उशिरा सुरू होऊ शकतात, तासाच्या सुरुवातीला गर्दी जास्त असते आणि फारच ताण आला तर एखादं काम गळूही शकतं, हे त्यांच्याच दस्तऐवजांत लिहिलं आहे. `0 15 * * *` लिहिणारे जगभर हजारो असणार. त्या रांगेत आपण कशाला उभं राहायचं? मेसच्या हिशोबाला अर्धा तास इकडेतिकडे झाल्याने फरक पडत नाही. ठरल्या मिनिटालाच व्हायला हवं असं काम मात्र इथे ठेवू नये. एखादा दिवस चुकलाच तर `workflow_dispatch` मुळे मिळणारं बटण दाबून हाताने चालवता येतं. पण पानावर नवे भाव येण्याआधी, नाहीतर तो दिवस गेलाच.

आता खरा मुद्दा, आर्टिफॅक्टचा. बरेच जण याला गोदाम समजतात. ती आहे पोस्टाची पेटी. ठेवलेली फाइल मुळात 90 दिवस राहते, मग आपोआप जाते. खाजगी रेपॉझिटरीत मुदत 400 दिवसांपर्यंत वाढवता येते, पण त्यानंतर ती जाणारच. दर रनची फाइल वेगळी असते, म्हणजे तीन महिन्यांचे भाव बघायचे तर नव्वदेक झिप उतरवा, उघडा, जोडा. पावसाळ्यातला टोमॅटो आणि दिवाळीनंतरचा टोमॅटो यांची तुलना करायची वेळ येते, तेव्हा जूनची फाइल केव्हाच गेलेली असते.

म्हणून आता स्क्रिप्ट नव्या दिवसाच्या ओळी रेपॉझिटरीतल्याच `bhav.csv` ला खाली जोडते आणि ती फाइल कमिट करून परत ढकलते. वरची `contents: write` त्यासाठी. आर्टिफॅक्ट म्हणून जाते ती ही अख्खी फाइल. त्यामुळे सगळ्यात ताज्या रनमध्ये पहिल्या दिवसापासूनचं सगळं असतं आणि जुने आर्टिफॅक्ट गेले तरी बिघडत नाही:

```yaml
- uses: actions/upload-artifact@v4
  with:
    name: bhav
    path: bhav.csv
    if-no-files-found: error
    retention-days: 30
```

`if-no-files-found` ची मूळ किंमत `warn` असते. म्हणजे फाइल तयारच झाली नाही तरी नुसता इशारा येतो आणि रनला हिरवी खूण मिळते. `error` केलं की लाल होतं. पण माझ्या नव्या मांडणीत फाइल कायमच तिथे असते, त्यामुळे ही अट कधी पेटतच नाही! वेबसाइटने मध्येच तक्त्याचे रकाने बदलले तेव्हा हे दिसलं. स्क्रिप्टला एकही ओळ सापडली नाही, तिने काहीच जोडलं नाही आणि रोज रात्री निमूट हिरवी खूण येत राहिली. संशय आला तो आर्टिफॅक्टसमोर लिहिलेल्या आकारामुळे, कारण रोज थोडा थोडा वाढणारा आकडा एका जागी थांबला होता. आता कांदा, बटाटा, टोमॅटो या तिघांपैकी एकाचीही ओळ मिळाली नाही तर स्क्रिप्ट `sys.exit(1)` करते. रन लाल होतो आणि मेल येतो. मेल कोणाला जातो हेही बघून ठेवा. वेळापत्रकाच्या रनची सूचना वर्कफ्लो तयार करणाऱ्याला जाते. नंतर दुसऱ्या कोणी क्रॉनची ओळ बदलली तर त्या माणसाला.

बाजार बंद असतो त्या दिवशीची गंमत वेगळी. पानावर आदल्या दिवसाचाच तक्ता राहतो. आजची तारीख घालून तो साठवला तर कालचाच भाव दोनदा नोंदला जातो, सरासरी बिघडते आणि कोणाला कळतही नाही. म्हणून तारीख घड्याळातून न घेता तक्त्यावरची घ्यायची, आणि ती फाइलमध्ये आधीच असेल तर 'नवीन काही नाही' असं लॉगमध्ये लिहून शांतपणे बाहेर पडायचं. हा दिवस हिरवाच राहायला हवा. सुट्टीच्या दिवशीही लाल मेल यायला लागले की आठवडाभरात माणूस मेल उघडणं सोडतो.

ज्याच्यासाठी हे केलं त्याची अडचण मात्र साधी होती. आर्टिफॅक्ट उतरवायला गिटहबचं खातं लागतं, आणि खाजगी रेपॉझिटरी असेल तर तिथे प्रवेशही. मामेभाऊ म्हणाला, "दादा, ते झिपबिप मला नको, नुसता कांद्याचा भाव सांग." आता दर रविवारी, यार्डात मोठी आवक होते त्या दिवशी, मी फाइल उतरवतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. म्हणजे बाकी सगळं आपोआप आणि शेवटचा टप्पा माझ्या अंगठ्यावर. बिनतांत्रिक माणसाला थेट लिंक द्यायची असेल तर आर्टिफॅक्ट हे साधन चुकीचं आहे.

पैशांचं म्हणाल तर खाजगी रेपॉझिटरीला फुकट खात्यात महिन्याला 2000 मिनिटं मिळतात. काम अर्ध्या मिनिटात संपलं तरी एक पूर्ण मिनिट धरलं जातं, म्हणजे माझा महिन्याचा खर्च तीसेक मिनिटांचा. सार्वजनिक रेपॉझिटरीला मिनिटांची मोजणी नाही, पण तिथे 60 दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळापत्रक बंद केलं जातं, हे धरून चाला.

सुरुवात करण्याआधी एकच चाचणी करा. वर्कफ्लोमध्ये फक्त `curl -I` आणि हव्या त्या वेबसाइटचा पत्ता टाकून एकदा हाताने चालवा. हे रनर डेटा सेंटरमध्ये असतात, बहुधा परदेशात, आणि आपल्याकडच्या काही वेबसाइट बाहेरच्या पत्त्यांना दारातच उभं करतात. घरच्या ब्रॉडबँडवर झटकन उघडणारं पान तिथे टाइमआउट झालं, तर स्क्रिप्ट कितीही नीट असली तरी उपयोग नाही. मग घरातल्याच एखाद्या जुन्या लॅपटॉपवर क्रॉन लावलेला बरा.