२० लाख, महिना १५ हजार की २० हजार?

निवृत्तीचे २० लाख वर्षाला ७.२ टक्क्यांनी, म्हणजे महिना ०.६ टक्क्याने ठेवले, तर पहिल्या महिन्याचं व्याज १२,००० रुपये.

१५,००० काढले तर मुद्दलातून फक्त ३,००० जातात आणि पैसे २२ वर्षं ५ महिने पुरतात. २०,००० काढले तर मुद्दल ८,००० नं घटतं, पुढचं व्याजही आटतं. १२ वर्षं ९ महिन्यांत खातं रिकामं. साठीच्या माणसाला मी पहिलाच आकडा सुचवेन.

मात्र व्याज ६ टक्क्यांवर आलं, तर १५ हजारवाल्याची चार वर्षं कमी होतात, २० हजारवाल्याचे १४ महिने. पहिल्याची भिस्त व्याजावर जास्त असते. एक्सेलमध्ये स्वतःचे आकडे घालून पाहा:

```
=NPER(0.6%,-15000,2000000)
```

उत्तर महिन्यांत येतं: २६९.