ऑडासिटीच्या 'कॉन्ट्रास्ट'चा अनुभव : धड्यातला गोंगाट, खोलीचा घुमारा आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात जाणारी मुलं

बेळगावात वडगावला राहतो. शेजारी यंत्रमाग आहेत. कर्नाटक एसएसएलसीच्या मराठी माध्यमाच्या मुलांसाठी दहावीच्या गणिताचे धडे घरच्याच खोलीत रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतो. दिवाळीपासून प्रत्येक धडा टाकण्याआधी ऑडासिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या `Contrast` ने तपासतोय. माझं मत आधीच सांगतो. गोंगाट मोजायला हे उत्तम आहे, पण घुमारा, म्हणजे भिंतींवरून परतून खोलीत रेंगाळणारा आपलाच आवाज, त्याला दिसत नाही. आणि माझ्या धड्यांतून मुलं लवकर निघून जायची ती घुमाऱ्यामुळेच जास्त, असं मला आता वाटतं.

ऑडासिटी फुकट आहे. मोबाईलची mp4 फाईल उघडायला सोबत FFmpeg बसवावं लागतं, तेवढंच. मग `Analyze` मध्ये `Contrast` उघडायचं. आपण सलग बोलतोय असा आठ-दहा सेकंदांचा तुकडा निवडून Foreground समोरचं `Measure selection` दाबायचं. नंतर आपण गप्प आहोत असा तुकडा निवडून Background समोरचं तेच बटण दाबायचं. दोन्हींतला फरक डेसिबलमध्ये येतो. तो 20 च्या वर असेल तर पास. हा आकडा वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून केलेल्या WCAG नियमांतला आहे. बोलण्यामागे संगीत वगैरे असेल तर ते किती हळू असावं, यासाठी तो ठरवलाय. धड्यालाही तो कामचलाऊ बसतो.

मोजण्याआधी फाईलच्या प्रतीवर 100 हर्ट्झचा `High-Pass Filter` जरूर लावा. पंख्याची आणि मागांची खालच्या पट्टीतली घरघर आकडा उगाच बिघडवते. मुलं ऐकतात मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर, त्यातून ती घरघर जवळजवळ येतच नाही. फिल्टर न लावता जो धडा नापास व्हायचा, तो लावल्यावर काही वेळा सहज पास झाला.

माझ्या खोलीत आवाज नेमका कशाचा, हे करंट गेल्यावर कळलं. करंट गेला की माग आणि पंखा दोन्ही बंद होतात. तेव्हा मोबाईलवर अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करून ठेवली. मग करंट आल्यावर पंखा बंद ठेवून, आणि शेवटी दोन्ही चालू असताना. मागांपेक्षा डोक्यावरचा पंखाच जास्त नडत होता. शेजाऱ्यांना बोलण्याची गरजच उरली नाही.

आता घुमाऱ्याचं. 'अंकगणिती श्रेढी'च्या एका धड्याखाली एका मुलीनं लिहिलं होतं, "सर, आवाज घुमतंय लई, कळंना झालंय." त्या धड्याचं कॉन्ट्रास्ट पासच्या जवळपास होतं. मग टाळी वाजवून खोली मोजली. ऑडासिटीत ट्रॅक डेसिबलच्या पट्टीवर लावला की टाळीनंतरचा आवाज तिरक्या रेषेत खाली येताना दिसतो. शिखराच्या 5 डेसिबल खालून 25 डेसिबल खालपर्यंत यायला लागलेला वेळ मोजायचा आणि तिप्पट करायचा. माझ्याकडे 0.3 सेकंद लागले, म्हणजे घुमारा 0.9 सेकंद. अमेरिकेच्या ANSI S12.60 मानकात लहान वर्गखोलीसाठी 0.6 ची मर्यादा आहे. टाळी रेकॉर्ड करताना मोबाईलची आवाज आपोआप कमी-जास्त करण्याची सोय बंद असायला हवी, नाहीतर रेषा वाकडी येते आणि आकड्याला अर्थ राहत नाही.

टाळी वाजवायची राहिली असेल आणि जुना धडाच तपासायचा असेल, तर `Contrast` कडूनच थोडी माहिती काढता येते. वाक्य संपल्यावरचा लगेचचा पाव सेकंद Background म्हणून मोजा आणि मग पूर्ण सेकंद गेल्यानंतरचा तुकडा मोजा. दोन्ही सारखे आले तर तो गोंगाट. पहिला बराच मोठा आला तर ती तुमच्याच शब्दाची शेपूट, म्हणजे घुमारा. गप्प तुकडा निवडताना ही शेपूट आत आली, तर घुमाऱ्यालाच गोंगाट समजून आपण पंखे बंद करत बसतो.

खोली 15 बाय 12 फूट, छत 10 फूट. एवढ्या खोलीत 0.9 सेकंद घुमारा असला तर बोलणाऱ्यापासून साधारण अर्ध्या मीटरपलीकडे थेट आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेलाच जास्त पोहोचतो. माझा मोबाईल फळ्यासमोर पाच फुटांवर होता. म्हणून आधी माईक जवळ आणला. शर्टाला लावायचा साधा वायरचा माईक, तोंडापासून वीतभर. बोलण्याचा आवाज 8 डेसिबलने चढला, पंख्याचा तेवढाच राहिला, त्यामुळे कॉन्ट्रास्ट 16 वरून 24 झालं. मागच्या भिंतीवर आईच्या तीन जाड वाकळा टांगल्यावर घुमारा 0.6 च्या आसपास आला. दोन्हींत माईकचा फरक कानाला कितीतरी जास्त जाणवतो. वाकळा नसतील तरी चालेल, माईक मात्र हवाच.

मुलं जाण्याशी याचा संबंध लावणं हे सगळ्यांत अवघड. यूट्यूब स्टुडिओत 0:30 ला किती टक्के प्रेक्षक टिकले ते दिसतं. पण आमच्या भागात एक वेगळीच अडचण आहे. चंदगड-गडहिंग्लजकडची महाराष्ट्र बोर्डाची मुलं 'दहावी गणित मराठी' शोधत येतात, अभ्यासक्रम वेगळा दिसला की दहा सेकंदांत जातात. त्यात आवाजाचा काही दोष नाही. शीर्षकात 'कर्नाटक एसएसएलसी' घातल्यावर हे जाणं आपोआप कमी झालं, म्हणून त्याआधीचे धडे मी तुलनेत धरतच नाही.

त्यानंतरचे एकाच प्रकरणाचे दोन धडे घेतले. सुरुवात सारखी, लांबी सारखी, शीर्षकाची धाटणी तीच. एक मोबाईल पाच फुटांवर ठेवून केलेला, दुसरा माईक लावून. फक्त नव्या प्रेक्षकांचा आलेख पाहिला, कारण माझे नेहमीचे विद्यार्थी आवाज कसाही असला तरी थांबतात. पहिल्यात 0:30 ला निम्म्याहून थोडे जास्त उरले होते, दुसऱ्यात जवळजवळ दोन-तृतीयांश. पुढच्या प्रकरणांतही कल तोच आहे. माईक तोच ठेवून कॉन्ट्रास्ट 20 असलेले आणि 24 असलेले धडे मात्र आलेखात वेगळे काढता येत नाहीत. म्हणून पास झाल्यावर मी आणखी आकडा वाढवत बसत नाही.

धड्याच्या मध्येच तिसऱ्या गेटवरून रेल्वेचा भोंगा आला तर मुलं जातात का, हे आलेखात शोधू नका. तो आलेख धड्याचे शंभर भाग करून काढलेला असतो. वीस मिनिटांच्या धड्यात एक भाग बारा सेकंदांचा, त्यात दोन सेकंदांचा भोंगा विरून जातो.

एका गोष्टीपासून सावध राहा. मोबाईलमधलं 'नॉइज रिडक्शन' चालू केलं की कॉन्ट्रास्ट 40 च्याही वर जातं. कारण आपण गप्प असताना ते आवाज पार दाबून टाकतं. बोलताना मात्र पंखा शब्दांमागे तसाच राहतो आणि 'स', 'फ', 'थ' अर्धवट कापले जातात. असा धडा आकड्यात पहिला येतो आणि ऐकायला सगळ्यांत वाईट असतो. माझ्याकडे ती सोय कायमची बंद आहे.

खानापूरला पत्र्याच्या घरात धडे करणारे माझे एक शिक्षक मित्र आहेत. त्यांना पावसाळ्यात याचा उपयोग वेगळाच होतो. आधी अर्धा मिनिट बोलून मोजतात. जोराच्या सरीत माईक वीतभर असूनही फरक 12 च्या खाली येतो. मग ते त्या दिवशी रेकॉर्डिंग करत नाहीत, फळ्यावरची उदाहरणं तेवढी लिहून ठेवतात.