कणकेच्या केकमध्ये साखरेऐवजी गूळ घालावा की खजूर?

दोन्हींनी केक होतो, पण दोन्हींचा केक सारखा होत नाही. नेहमीचं प्रमाण धरू: 200 ग्रॅम कणीक, 150 ग्रॅम साखर, 150 ग्रॅम दही, 120 मिली दूध, 80 मिली तेल, थोडा बेकिंग सोडा, ओव्हन 180 अंशांवर.

यात 120 ग्रॅम गूळ पुरतो. त्याच्या वासामुळे गोडी भरीव वाटते. मात्र गूळ बहुतांशी साखरच असतो, त्यामुळे जी कपात होते ती वजन कमी केल्यामुळेच. गूळ दुधात उकळू नका, दूध फाटतं. दोन-तीन चमचे पाण्यात मंद आचेवर विरघळवा, गाळा, पूर्ण गार होऊ द्या आणि तेवढंच पाणी दुधातून वजा करा. हे करायचं राहिलं तर मिश्रण सैल होतं आणि केक मधोमध खचतो. पाक मात्र होऊ देऊ नका.

खजुराने कपात जास्त होते. बिया काढलेला 150 ग्रॅम मऊ खजूर घेतला तर केकमध्ये साखर साधारण 100 ग्रॅमच जाते, शिवाय चोथा मिळतो. पण खरा फरक इथूनच पडतो. खजुराचा चोथा पाणी धरून ठेवतो. रेसिपीतल्याच 120 मिली गरम दुधात खजूर अर्धा तास भिजवून गुळगुळीत वाटा. मिश्रण घट्ट दिसलं म्हणून दूध ओतत राहू नका, फार तर एक-दोन चमचे घाला. जास्त झालं तर वरून भाजलेला केक आतून चिकट, लगद्यासारखा राहतो. टूथपिकवर खजुराचा गर चिकटतोच, त्यामुळे त्या खुणेवर विसंबू नका. मध्यावर बोटाने हलकं दाबा. खळगा वर आला तर झाला.

आता रंग. साध्या साखरेपेक्षा ग्लुकोज आणि फ्रुक्टोज पिठातल्या-दुधातल्या प्रथिनांशी लवकर संयोग पावतात आणि तपकिरी होतात. गुळात ती थोडी असतात, मऊ खजुरात बहुतेक साखर त्याच रूपात असते. म्हणून गुळाच्या केकला 170 अंश पुरे. खजुराला 160 ठेवा, दहा मिनिटं जास्त द्या आणि अर्ध्या वेळानंतर वर फॉइल टाका. नाहीतर कडा कडवट होतात आणि मधलं मिश्रण कच्चं राहतं. गुळाचा केक मुळातच गडद असतो, रंग पाहून तो झाला असं समजू नका.

डब्यात सुट्टे काप द्यायचे तर मी गूळच घेते. तो केक दुसऱ्या दिवशीही मऊ असतो आणि नीट कापला जातो. साखर खरोखर कमी करायची असेल आणि दाट, ओलसर केक चालत असेल तर खजूर. मधुमेह असेल तर दोन्हींचा काप मोजूनच घ्या. पावसाळ्यात खजुराचा केक बाहेर ठेवू नका, ओलाव्यामुळे त्याला लवकर बुरशी धरते. दुसऱ्या दिवसापासून तो फ्रिजमध्येच ठेवा.