गोळाफेकीचा हिशोब कसा ठेवायचा: टेप आणि वही, की मोबाईलवर अँगल?

डिसेंबर-जानेवारीच्या मीटसाठी ऑक्टोबरपासून ब्लॉक सुरू झाला की मरीन लाइन्सच्या युनिव्हर्सिटी ग्राउंडवर काय किंवा प्रियदर्शिनी पार्कात काय, प्रश्न तोच असतो, की रोज टेपने मोजून वहीत लिहायचं की ट्रायपॉड लावून रिलीज अँगल काढायचा. दोन्ही रोज करायला वेळ कुणाकडे नसतो, लोकल पकडून घरी जायचं असतं. माझं मत सरळ आहे, गोळ्याला रोज वही, आणि अँगल फक्त वहीने प्रश्न उभा केला की.

कारण आकड्यांतच आहे. समजा ४ किलोचा गोळा टाकणारी कॉलेजची मुलगी आहे, गोळा हातातून सुटतो तेव्हा साधारण १.८ मीटर उंचीवर असतो आणि वेग सेकंदाला ९ मीटर. गणित केलं तर ३२ अंशाला ९.६४ मीटर येतात, ३६ ला ९.८३ आणि ४० ला ९.८९. म्हणजे ३६ वरून ४० वर जाऊन मिळाले फक्त सहा सेंटीमीटर, आणि तेसुद्धा कागदावर, कारण वर ढकलायला गेलं की हाताचा वेग पडतो. तेच ३६ अंशावर वेग ९ चा साडेनऊ झाला की थ्रो १०.७६ वर जातो, जवळजवळ एक मीटर जास्त! मग रोज अँगलच्या मागे लागून काय मिळणार?

त्यात मोबाईलचा अँगल वाटतो तेवढा पक्का नसतो. कॅमेरा दोन अंश तिरका असेल तर उत्तरही दोन अंशांनी चुकतं, म्हणून मागच्या भिंतीची किंवा खांबाची उभी रेघ फ्रेममध्ये सरळ दिसते का ते आधी बघायचं. कॅमेरा फेकीच्या दिशेला काटकोनात, आठ-दहा मीटर लांब आणि खांद्याच्या उंचीवर ठेवायचा. गोळा सेक्टरच्या कडेकडे गेला तर अँगल एखादा अंश जास्त दिसतो, त्यामुळे मधोमध पडलेलेच थ्रो मोजायचे. आणि गोळा सुटल्या सुटल्या मोजायचं, ६० फ्रेमच्या व्हिडिओत तीन फ्रेम पुढे गेलात तर गुरुत्वाकर्षणानेच एक ते अडीच अंश खाल्लेले असतात, म्हणून स्लो-मो २४० ला लावलेलं बरं. Kinovea फुकट आहे, विंडोजवर चालतं, त्यात रेघ ओढून अँगल मिळतो.

आता वही. इथे लोक एकच घोळ करतात, फक्त बेस्ट लिहितात. उदाहरण घ्या, पहिल्या आठवड्याचे दहा थ्रो, लहान ते मोठे लावून: ८.९०, ९.२०, ९.४१, ९.५८, ९.६२, ९.६६, ९.७०, ९.७५, ९.८०, ९.८४. सहाव्या आठवड्याचे: ९.४६, ९.६०, ९.७०, ९.७२, ९.७६, ९.८०, ९.८२, ९.८४, ९.८६, ९.८८. बेस्ट बघाल तर फक्त चार सेंटीमीटर वाढला, मुलगी म्हणणार सर काहीच होत नाहीये. पण मधला आकडा ९.६४ चा ९.७८ झालाय आणि तिसऱ्या ते आठव्या थ्रोमधला फरक ३४ सेंटीमीटरचा १४ झालाय. मीटमध्ये पहिले तीनच थ्रो हमखास मिळतात, तिथे हेच उपयोगी पडतं. शीटमध्ये एवढंच पुरतं:

```
=MEDIAN(B2:B11)
=LARGE(B2:B11,3)-SMALL(B2:B11,3)
```

फाउलही लिहायचा, सोडायचा नाही. ट्रेंड बघताना गोळ्याचं वजन तेच हवं, आणि स्टँडिंग आणि ग्लाइड वेगळ्या रकान्यात. जड स्क्वॉटच्या दुसऱ्या दिवशी आकडा पडणारच, म्हणून वर-खाली ठरवायला निदान तीन-चार सेशन एकत्र बघा. पावसाळ्यातले ओल्या सर्कलवरचे थ्रो तर या हिशोबात धरूच नका.

अँगल कधी काढायचा? मधला आकडा तीन-चार सेशन खाली आला किंवा फरक वाढत गेला, तर पाच-सहा थ्रो शूट करा. अँगल ३६ च्या आसपासच आहे आणि अंतर कमी, म्हणजे वेग गेलाय, थकवा नाहीतर पायांचा जोर बघा. अँगल एका थ्रोला ३०, दुसऱ्याला ४० असा उड्या मारतोय, तर डावा पाय टो बोर्डजवळ उशिरा पडतोय का ते त्याच व्हिडिओत बघा (उजव्या हाताने टाकणाऱ्यांसाठी सांगतोय).

भाल्याला मात्र हा सल्ला जसाच्या तसा लावू नका. तिथे भाला कुठल्या दिशेला सुटला आणि त्याचं टोक कुठे होतं हे दोन वेगळे अँगल असतात, त्यांच्यात फरक पडला की भाला हवेत अडतो. वर दुपारनंतर समुद्राकडून वारा येतो, त्यामुळे सकाळच्या आणि संध्याकाळच्या अंतराची तुलनाच होत नाही. भालावाल्यांनी व्हिडिओ दर आठवड्याला घ्यावा आणि वहीत अंतराशेजारी वाऱ्याची दिशा लिहावी.