कॉलरसाठी चिकटणारं फ्यूजिंग की शिवून बसवायचं?

सुती शर्टाच्या कॉलरला मी चिकटणारं फ्यूजिंगच लावते, म्हणजे कॉलर ताठ राहावी म्हणून आतून इस्त्रीने चिकटवायचा थर. इस्त्री घासायची नाही. एका जागी 10-12 सेकंद दाबून उचलायची आणि कापड गार होईपर्यंत हलवायचं नाही. नीट चिकटलं नाही, तर धुतल्यावर फुगे येतात. कमरपट्टीलाही तेच, फक्त जाडसर.

जॉर्जेटचा ड्रेस असेल तर मात्र मी फ्यूजिंगला हात लावत नाही. गोंदाचे ठिपके आरपार दिसतात, पोत कडक होतो. तिथे त्याच रंगाचा ऑर्गंझा कापून कडेने कच्चा टाका घालते. वेळ जास्त लागतो, पण कॉलर अलगद वळते.

या आतल्या थराचं वजन ठरवताना कापड आणि तो थर एकत्र धरून बोटावरून सोडा. कापड एकट्याने पडतं तसं पडलं नाही, टोकदार कोन झाला, तर त्याहून हलकं घ्या.