सामानाच्या दाव्यात ‘पूर्ण व अंतिम’ म्हणून घेतलेली सही

प्रवास विम्याच्या दाव्यात पैसे सरळ नाकारले जातात तेव्हा निदान कारण तरी कळते. मला मात्र थोडे पैसे देऊन उरलेला हक्क काढून घेण्यात आला. हीच पद्धत इतरांवरही वापरली जाऊ शकते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

पहिले विमान उशिरा सुटल्यामुळे पुढचे जोडविमान हुकले. दुसऱ्या विमानाने मुक्कामी पोहोचलो, तेव्हा माझी बॅग पट्ट्यावर आलीच नाही. विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीच्या सामान कक्षात पीआयआर, म्हणजे सामान न मिळाल्याचा अहवाल, लिहून घेतला. त्यावर दहा अक्षर-अंकांचा संदर्भ क्रमांक असतो आणि पुढचा सारा पत्रव्यवहार त्याच क्रमांकावर चालतो. बोर्डिंग पास, बॅगेच्या टॅगची पावती आणि विमानाची नियोजित व प्रत्यक्ष वेळ, तसेच विलंबाचे कारण नमूद केलेले कंपनीचे प्रमाणपत्र हेही जपून ठेवले. तातडीने घेतलेल्या कपड्यांच्या व प्रसाधनाच्या वस्तूंच्या पावत्या वेगळ्या ठेवल्या.

माझ्या पॉलिसीत तीन वेगवेगळी कलमे होती: विमानाचा विलंब, सामान उशिरा मिळणे आणि सामान कायमचे हरवणे. यातले तिसरे कलम लगेच लागू होत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार, विमान कंपनीने हरवल्याचे आधीच मान्य केले नाही, तर बॅग यायला हवी होती त्या दिवसापासून २१ दिवस उलटल्यावरच ती हरवली असे धरून प्रवासी आपला हक्क सांगू शकतो. तोवर तिची नोंद फक्त ‘उशिरा’ अशीच राहते, आणि फसवणूक नेमकी याच मधल्या काळात झाली.

विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपनीतून फोन आला, की तातडीच्या खरेदीची रक्कम मंजूर झाली आहे, फक्त बँकेच्या तपशिलाचा कागद आजच सही करून पाठवा, नाहीतर फाइल बंद होईल. कागदाच्या वरच्या भागात खाते क्रमांकाचे रकाने होते. सहीच्या वर, त्याहून बारीक अक्षरांत, एक ओळ होती: ‘या प्रवासातून उद्भवणारे सर्व दावे पूर्ण व अंतिम स्वरूपात मिटले आहेत.’ फोनवर त्या ओळीचा उल्लेखही झाला नाही. पैसे खरेच दुसऱ्या दिवशी जमा झाले. हे विशेष, कारण एरवी त्यांच्या साध्या ईमेललाही उत्तर येत नसे.

मुदत उलटल्यावर विमान कंपनीने बॅग सापडत नसल्याचे पत्र दिले. ते पत्र आणि वस्तूंची यादी मी पाठवली, तेव्हा उत्तर आले की प्रकरण आपल्या सहीने निकाली निघाले आहे. विमानाच्या विलंबाचा दावाही त्याच सहीखाली गाडला गेला होता, जरी सामानाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

त्यांनी काय वाचवले, हे हिशेबानेच दिसते. यादीतील एकूण किंमत १०० धरू. त्यातला ३० चा कॅमेरा चेक-इन सामानात होता, आणि मौल्यवान वस्तू तिथे ठेवल्यास पॉलिसी भरपाई देत नव्हती, उरले ७०. वापरलेल्या वस्तूंचा घसारा एक पंचमांश वजा होऊन ५६ राहिले. विमान कंपनीने त्यापैकी ४० दिले, आणि एकाच नुकसानीची भरपाई दोनदा मिळत नाही, म्हणून विमा कंपनीकडे १६ राहिले. तातडीच्या खरेदीपोटी दिलेले ६ अटीप्रमाणे यातून वळते झाले असते, म्हणजे देणे १० होते. या १० साठी आणि विलंबाच्या रकमेसाठी तो कागद पुढे करण्यात आला होता. (कॅमेऱ्याबद्दल माझी तक्रार नाही; ती अट पॉलिसीत स्पष्ट लिहिलेली होती.)

मी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी हरकत घेतली. मुद्दा एकच मांडला: सहीच्या तारखेला बॅग हरवलेली धरलीच जात नव्हती, त्यामुळे तो दावा त्या दिवशी अस्तित्वातच नव्हता आणि मिटवण्याचा प्रश्नच नव्हता. सोबत पीआयआर, विमान कंपनीच्या पत्राची तारीख आणि ‘बँकेचा तपशील पाठवा’ असे विषयात लिहिलेला त्यांचाच ईमेल जोडला. फोनवरचे बोलणे सिद्ध करणे अवघड असते. ईमेलच्या विषयाची ती ओळ मात्र त्यांना नाकारता आली नाही.

विलंबाची रक्कम त्यानंतर मिळाली. हरवलेल्या बॅगेचा दावा अजून तक्रारीत आहे. मधल्या टप्प्यावर असा कागद आपल्याकडे आल्यास ‘सर्व दावे’ हे शब्द खोडून तिथे ‘केवळ सामानाच्या विलंबामुळे झालेल्या खर्चापोटी, इतर दावे राखून’ असे लिहावे, त्याशेजारी सही व तारीख घालावी आणि प्रत स्वतःकडे ठेवावी. त्यांनी हा बदल नाकारला, तर नकाराचे कारण लेखी मागावे.